अंगठा मिटेना

दुकानात तिला सगळे पंजामावशी म्हणत. मालक, मिस्त्री, समोरचा चहावाला आणि हो, गिऱ्हाइकंसुद्धा. सुरुवातीला तिला राग यायचा, मग तिनेच फोनवर सांगायला सुरुवात केली, "पंजामावशी बोलतेय, बोला." एकदा माणसाने स्वतःच्याच टोपणनावाला ओ दिली की मग कोण कशाला चिडवतंय!

दुकान गॅसवर चालणाऱ्या हीटरचं. विकायचे, बसवायचे आणि मुख्य म्हणजे दुरुस्त करायचे. भिंतीवर लावलेला हीटर, त्यात जळणारा गॅस, आणि जळलेला वायू घराबाहेर नेणारी नळी. थंडी पडली की अख्ख्या गावाला एकाच आठवड्यात आपला हीटर आठवतो. वर्षभर त्यावर कपडे वाळत घालतील, पण साफ करून घ्या म्हटलं तर कान बंद. मग बसा कुडकुडत आणि करा दुकानाला मेसेज. ते मेसेज वाचून उत्तरं द्यायचं काम मावशीचं. काउंटरच्या कोपऱ्यात तिची खुर्ची, पाठीमागे जुन्या नळ्यांचा ढीग, आणि हातात दुकानाचा फोन.

आता लोक मेसेज कसे करतात ते तुम्हाला सांगायला नको. एका दमात सगळं. किती घेणार, कधी येणार, आवाज का येतो, वॉरंटी आहे का, आणि आमच्या जावयांना नोकरी लावाल का. बहुतेक माणसं यातल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतात आणि मोकळी होतात. मावशीचं तसं नव्हतं. मेसेज आला की ती डावा हात उघडा काउंटरवर ठेवायची. पहिला प्रश्न करंगळीला, दुसरा तिच्या शेजारच्या बोटाला, असं करत करत पाचवा अंगठ्याला. मग जो प्रश्न उद्यापर्यंत थांबू शकतो त्याचं बोट मिटायची. एकेक करत बोटं मिटत जायची आणि जे उभं राहील त्याला पहिलं उत्तर. यावरूनच ते पंजामावशी.

मालकांना हे मुळीच पटत नसे. "अगं, आधी दर टाक! माणसाला दर कळला की बाकीचं तो आपोआप विसरतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यांनी तसा नियमच केला होता. मावशी मान डोलवायची आणि स्वतःला हवं तेच करायची. तिचं म्हणणं साधं होतं. पाच प्रश्नांना पाच उत्तरं पाठवली तर माणूस वरचं एक वाचतो आणि फोन खिशात टाकतो. म्हणून एका वेळी एकच उत्तर द्यायचं आणि एकच प्रश्न उलट विचारायचा. आणि माणूस शेवटी, लाजत लाजत, 'सहज विचारतो हं' म्हणून जे विचारतो, तिकडे नीट बघायचं.

पण खरं सांगू का, अंगठ्याला मात्र तीसुद्धा फारशी किंमत द्यायची नाही. शेवटचा प्रश्न बहुतेक वेळा जावयाच्या नोकरीचाच असायचा. बघायचा आणि मिटायचा.

ही बाई दिवसभर हसतमुख. घरी गेली की वेगळी. घर कसलं, एकच खोली, नवरा गेल्यापासून एकटीच राहायची. त्या खोलीला एक खिडकी, आणि कितीही बर्फासारखा वारा सुटला तरी ती खिडकी बोटभर उघडी. शेजारीण म्हणायची, "मावशी, वेडबिड लागलंय का तुम्हाला? गारठून मराल." मावशी म्हणायची, "गारठून मरायला वेळ लागतो गं." आणि विषय बदलायची. दाराकडे तोंड करून ती कधी झोपत नसे. दिवा मालवला की दारात कोणीतरी उभं आहे असं तिला लहानपणापासून वाटत आलं होतं, आणि ते कोण हेही तिला माहीत होतं. ती तिची ताई होती.

ताई तिच्याहून चार वर्षांनी मोठी. दोघी एकाच खोलीत झोपायच्या. एका हिवाळ्यात थंडी इतकी वाढली की आई रोज संध्याकाळी कोळशाची शेगडी आणून त्या खोलीत ठेवायची. थोड्या दिवसांनी ताई सांगायला लागली, "आई, दारात कोणीतरी उभं राहतं." आधी सगळे हसले. मग ताईचं तोंड उतरायला लागलं, सकाळी उठवत नसे, जेवण जात नसे. घाबरलीय पोरगी, असं सगळ्यांनी ठरवलं. काय उभं असेल ते खिडकीतून येत असणार, म्हणून आईने जुन्या साडीच्या चिंध्या करून खिडकीच्या फटींत कोंबल्या. प्रेमानेच कोंबल्या हो. एकही फट राहू दिली नाही. त्या रात्री पांघरुणावरून दोघी बहिणींचं भांडण झालं आणि धाकटी रुसून स्वयंपाकघरात आईजवळ जाऊन झोपली. सकाळी ताई उठली नाही.

लोक म्हणाले, ती जागाच वाईट. आई मरेपर्यंत म्हणत राहिली, "त्याने नेली माझी पोर." आणि धाकटी मोठी झाली, लग्न झालं, विधवा झाली, कामाला लागली, तरी दारातली ती आकृती काही गेली नाही.

दुकानात लागली त्याच आठवड्यातली गोष्ट. डबे उघडून सगळे जेवायला बसले होते आणि मिस्त्री बोलता बोलता तिला धंदा समजावत होता. "हे बघा मावशी, गॅस असो की कोळसा, हवा पुरली नाही की नीट जळत नाही. मग जो वायू होतो त्याला ना वास, ना रंग. नळी चोंदली, खिडक्या बंद असल्या की तो खोलीत साठतो. आधी डोकं धरतं, मळमळतं, झोप येत राहते. माणूस बाहेर गेला की बरा, घरात आला की पुन्हा तेच. डोक्याला प्राणवायू पुरला नाही तर काही जणांना भासही होतात. कोणी आहेसं वाटतं." मावशीच्या हातातला घास हातातच राहिला. तिने डबा झाकला, मोरीवर जाऊन हात धुतले आणि बराच वेळ नळ तसाच चालू ठेवला. मिस्त्रीला वाटलं, भाजी खारट झाली असेल.

म्हणजे कोणी आलंच नव्हतं. कोणी नेलंच नव्हतं. हे कळल्यावर तरी दार रिकामं व्हायला हवं होतं की नाही? पण नाही. ताई तशीच उभी राहायची, उलट आता जास्तच, कसली तरी वाट बघितल्यासारखी.

तर त्या दिवशी संध्याकाळी दुकान आवरत आलं होतं. मालक शटरची किल्ली शोधत होते, मिस्त्री हात पुसत होता, आणि फोन वाजला. मेसेज एका बाईचा, नंबर नवा. मावशीने सवयीने मोठ्याने वाचायला घेतला.

"नमस्कार. औषधांच्या दुकानावरचा तिसरा मजला, डावीकडचं दार. पाच गोष्टी विचारायच्या आहेत, सवडीने सांगा. हीटरची ज्योत आधी निळी असायची, आता पिवळी झाली आहे आणि मधेच विझते, साफ करायचे किती घेता? हीटरच्या वर भिंतीवर काळा डाग पडलाय, तो कशाने जातो? गार वारा येतो म्हणून खिडकीच्या सगळ्या फटींना मी चिकटपट्टी लावली आहे, काही हरकत नाही ना? माणूस रविवारी येईल का, इतर दिवशी मी शिवणाच्या कारखान्यात असते. आणि एक, हसू नका. आधीच्या भाडेकरूंकडे तुमचा माणूस यायचा म्हणून विचारते. या घरात कोणी वारलं होतं का? दारात कोणीतरी उभं असतं. मला दिसतं, आता माझ्या मुलीलाही दिसतं. आई तर त्याच्याशी बोलते."

"घ्या!" मालक हसले. "भूत उतरवायचा दर आपण अजून ठरवला नाही. बरं, आधी साफसफाईचा दर टाक आणि रविवारचे जादा लागतील म्हणून सांग."

मिस्त्री मात्र हसला नाही. पिवळी ज्योत आणि चिकटपट्टी ऐकूनच त्याचे हात थांबले होते. "मावशी, हीटर बंद करायला सांगा तिला. आत्ताच्या आत्ता."

मावशीचा डावा हात काउंटरवर उघडा पडला होता. तिने करंगळी मिटली. दर. शेजारचं बोट मिटलं. डाग. रविवारही मिटला. चिकटपट्टीचं बोट उभं होतं आणि अंगठा उभा होता. आधी कोणतं? मिस्त्रीच्या हिशेबाने चिकटपट्टी, आणि मिस्त्रीचं काही चूक नव्हतं. तिने थेट फोन लावला. वाजून वाजून बंद पडला. पुन्हा लावला, पुन्हा तेच.

"आवाज बंद करून ठेवलाय वाटतं," ती म्हणाली. "तुम्ही गॅसच्या इमर्जन्सीला आणि रुग्णवाहिकेला फोन करा, पत्ता आहेच. मी हिला बघते."

"लिहा ना मग, हीटर बंद करा, खिडकी उघडा!"

"लिहिते हो! पण ती काय म्हणेल? बाहेर एवढी थंडी, घरात म्हातारी. 'बरं, थोड्या वेळाने करते' म्हणेल आणि डोळे मिटेल. डोकं जड झालेल्या माणसाला आपण सांगितलेलं कळत तरी असतं का?" मावशीचा आवाज चिरकला. "तिने पाच प्रश्न विचारलेत, पण विचारायचाय तिला एकच. त्याचं उत्तर मिळेपर्यंत ती दुसरं काही ऐकायची नाही."

मावशीने लिहिलं, "हो. एकजण वारली." पाठवलं. आणि लगेच उलट विचारलं, "आत्ता घरात कोण कोण आहे?"

मेसेज वाचल्याची खूण लगेच उमटली. म्हणजे बाई जागी होती. देवा, जागी होती! पण उत्तर येईना. शेवटी आलं. "आई आणि मुलगी. दोघी झोपल्यात. मलाही डुलकी लागत होती. कोण वारली?"

"ती गोष्ट त्या घरात बसून ऐकायची नाही. हीटर बंद करा, दोघींना उठवा, दार सताड उघडं टाका आणि खाली रस्त्यावर येऊन मला फोन करा. खाली आलात की सगळं सांगते. थांबू नका."

आणि मग काहीच नाही. फोनचा पडदा काळा झाला. मिस्त्री दाराशी उभा राहून इमर्जन्सीच्या माणसाला पत्ता दुसऱ्यांदा सांगत होता. मालकांनी मावशीसमोर पाण्याचा पेला ठेवला. तिने तो घेतला नाही. तिला वाटलं, आपण घोळ घातला. थेट सांगायचं सोडून कसली गोष्ट लावत बसलो? ती बाई आता दाराकडे बघत बसली असेल, घाबरून, दार उघडायचीच हिंमत होत नसेल तिची. आपण तिला सांगून बसलो की हो, तुझ्या घरात मेलेलं माणूस आहे!

फोन वाजला.

"मी खाली आलेय," बाईचा आवाज जडशीळ होता, जीभ वळत नव्हती. "मुलगी कडेवर आहे. तिला उलटी झाली. आई उठत नाही हो. हाका मारल्या, हलवलं, नुसती हुंकारते. मला उचलवत नाही. मी परत वर जाते."

"नाही! वर जायचं नाही."

"माझी आई आहे ती!"

"ऐक बाळा, ऐक." मावशी 'तुम्ही'वरून 'तू'वर कधी आली तिचं तिलाही कळलं नाही. "हीटर बंद केलास ना? दार उघडं आहे ना? मग वारा आत जातोय. मदतीची माणसं निघालीत, त्यांच्याकडे तोंडाला लावायची साधनं असतात. हे भूत नाही, हीटरचा विषारी वायू आहे. तू वर गेलीस तर त्यांना तुम्हा दोघींना उतरवावं लागेल आणि पोर रस्त्यावर एकटी राहील. पोरीला गुंडाळलंयस ना?"

"हो. पण आई…"

"आई हुंकारते म्हणालीस. म्हणजे श्वास चालू आहे. आता तू मला सोडून कुठे जायचं नाहीस. तुझे चार प्रश्न राहिलेत ना? मी सांगते, तू ऐक. दर विचारला होतास."

आणि मावशीने दर सांगितला. अगदी सावकाश. नुसती सफाई किती, नळी बदलली तर किती, काय धरून, काय सोडून. पलीकडून हुंदका आला की ती विचारायची, "कळलं का? मला परत सांग बघू." आणि ती बिचारी रडत रडत परत सांगायची. मग डाग. तो डाग म्हणजे काजळी, हीटर नीट जळत नसल्याची खूण, साबणाच्या पाण्याने जाईल, पण आधी हीटर बघायचा आणि मग भिंत. मग रविवार. रविवारी नाही, मिस्त्री स्वतः उद्या सकाळी येईल, तोवर त्या हीटरला कोणी हात लावायचा नाही. मालकांनी मागून हातानेच खूण केली, पैशाचं बोलू नकोस म्हणून. मावशीने तिकडे बघितलंसुद्धा नाही.

चिकटपट्टीपर्यंत ती आली आणि अडखळली. "खिडकीचं…" ती म्हणाली. "खिडकीचं असं आहे, की आपण प्रेमानेच बंद करतो गं. कोणाला वाटतं का…" तेवढ्यात पलीकडून सायरन ऐकू आला, धावणाऱ्या बुटांचे आवाज आले, कोणीतरी विचारलं, "कितवा मजला?" आणि बाई ओरडली, "तिसरा! डावीकडे!"

फोन चालूच राहिला. मावशी ऐकत बसली. कोणीतरी खाली काही आणत होतं, कोणी 'सावकाश' म्हणत होतं. मग एका म्हातारीचा बारीक, चिडका आवाज आला, "अगं, कुठे नेताय मला थंडीत?" आणि मावशीने तोंडावर पदर घेतला आणि काउंटरवर डोकं टेकून रडली. मालकही नाक शिंकरत होते, पण ते नंतर कबूल करेनात.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने नळीतून पक्ष्याचं अख्खं घरटं काढलं, वाळलेल्या काटक्यांचं. दुपारी त्या बाईचा दवाखान्यातून फोन आला. तिघींना रात्रभर प्राणवायू लावला होता. मुलगी खेळायला मागत होती, आई परिचारिकांशी भांडत होती, म्हणजे सगळं ठीक होतं.

"मावशी," ती म्हणाली, "एक राहिलंच की. तुम्ही म्हणालात खाली आल्यावर सांगते. कोण वारली होती आमच्या घरात?"

समोर गिऱ्हाईक उभं होतं, त्याला मावशीने हातानेच थांबवलं.

"तुमच्या घरात कोणी नाही," ती म्हणाली. "माझी ताई. आमच्या घरात. तिलाही दारात कोणीतरी दिसायचं."

ती बाई हळूच म्हणाली, "मग तिला कोणी विचारलं नाही का, डोकं दुखतंय का म्हणून?"

"नाही गं," मावशी म्हणाली. "कोणीच काही विचारलं नाही. आम्ही सगळे तिला उत्तरंच देत बसलो. काही नाही, झोप, घाबरू नकोस, खिडकी लावलीय."

त्या दिवशी ती वेळेआधीच घरी गेली. मालकांनी का म्हणून विचारलं नाही. अजून उजेड होता. खिडकी बोटभर उघडी होती, ती तिने पूर्ण उघडली. मग खाटेवर बसली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दाराकडे तोंड करून बसली. डावा हात मांडीवर उघडा होता. चार बोटं तिने मिटली. अंगठा तसाच राहू दिला.

दारात ती उजेडातही होतीच. दोन वेण्या, खांद्यावर ओढलेलं ते भांडणाचं पांघरूण.

"ताई," मावशी म्हणाली, "तुझं डोकं दुखत होतं का गं?"